दयानंदचा तिसरा कप्पा

दयानंद सातार्डेकर मस्कतला पैसे द्यायला बसला होता, पण पगार त्याला पैसे न देण्याचाच मिळायचा. तिथल्या बौशर भागातल्या एका बांधकाम कंपनीत देणी सांभाळणारा अकाउंटंट म्हणून तो चौदा वर्षं नोकरीला होता. त्याच्या टेबलावर तीन कप्प्यांचा लोखंडी ट्रे असायचा. पहिल्या कप्प्यातल्या बिलांचे चेक या आठवड्यात निघायचे, दुसऱ्यातल्यांचे पुढच्या. तिसऱ्या कप्प्याबद्दल कुणी विचारलंच, तर दयानंद चहा मागवायचा.

२०१६ सालात तो तिसरा कप्पा फुगून वर आला होता. तेलाचे भाव पडले होते आणि जो तो आपल्याकडे यायचे पैसे आधी येऊ देत म्हणून बसला होता. दयानंदकडे चार उत्तरं तयार असत. बिल मिळालंच नाही. मिळालं, पण साइटवरच्या माणसाची सही नाही. सही आहे, पण साहेब सुट्टीवर आहेत. आणि चौथं, सगळ्यात गोड: पुढच्या आठवड्यात, इन्शाल्ला. ही उत्तरं तो इतक्या मायेनं द्यायचा, की वसुलीला आलेला माणूस जाताना त्याच्याच तब्येतीची चौकशी करून जायचा.

अशा माणसाच्या भाचीचे पैसे अडकावेत, याला काय म्हणायचं!

पूर्वा म्हणजे कुडाळच्या रेखाची, दयानंदच्या धाकट्या बहिणीची मुलगी. शाळेत चित्रकला शिकवायची. मार्चमध्ये तिनं ती नोकरी सोडली आणि घरी बसून चित्रांची कामं घ्यायला लागली. पहिलं मोठं काम मिळालं ते मामाच्याच ओळखीनं. मस्कतमध्ये दयानंदचा दोस्त हारून होता, रत्नागिरीकडचा, त्याच्यासारखाच अकाउंटंट. त्याची कंपनी ओमानमधल्याच दुक्म बंदरावर मजुरांचे कॅम्प चालवायची. जेवण, खाटा, धुलाई, सगळं. तिथल्या मजुरांना वाचता येणारी भाषा एक नाही आणि वाचता न येणारेही पुष्कळ, म्हणून सुरक्षेच्या सूचना चित्रांत हव्या होत्या. पूर्वानं चोवीस चित्रं काढली. उन्हात पाणी किती वेळानं प्यायचं, गॅस कसा बंद करायचा, विजेच्या तारेला ओल्या हातानं का शिवायचं नाही. चित्रं कॅम्पच्या भिंतींवर लागली, सगळ्यांना आवडली. १ जूनला तिनं बिल पाठवलं, चारशे ऐंशी रियालचं, म्हणजे ब्याऐंशी-त्र्याऐंशी हजार रुपयांचं, तीस दिवसांच्या मुदतीनं. जुलै उजाडला तरी काही आलं नाही.

तिचे बाबा वाटच बघत होते. त्यांनी मुख्याध्यापकांना भेटून जागा धरून ठेवायला सांगितली होती, सप्टेंबरअखेरपर्यंत. "तोवर ऐंशी-ब्याऐंशी हजार बँकेत दिसले तर कर तुझी चित्रं. नाही दिसले तर गुपचूप शाळेत जा." असा सौदा घरात ठरला होता, आणि पूर्वानं तो मानला होता.

तिनं पहिलं स्मरणपत्र लिहून मामाला व्हॉट्सअॅपवर दाखवलं. पत्र इंग्रजीत होतं, पण मन कुडाळचंच. 'आपण कामात असाल, त्रास देते म्हणून क्षमा असावी, सवडीनं बिलाकडे पाहावे.'

दयानंदनं ते वाचलं आणि त्याला हसू आवरेना. त्यानं लगेच फोन लावला.

"गो पूर्वा, हे पत्र माझ्याकडे आलं असतं तर मी काय केलं असतं माहिती आहे?"

"काय?"

"तुला आशीर्वाद दिला असता. आणि पत्र तिसऱ्या कप्प्यात टाकलं असतं. सवडीनं म्हणे! अगं, अकाउंटंटला सवड झाली तर तो घरी जातो, बिलं नाही काढत."

"मग कसं लिहू? पहिलंच पत्र आहे. भांडू का?"

"भांडायचं नाही. गोडच लिहायचं, पण त्यात तारीख घालायची. बिलाचा नंबर, रक्कम, मुदत कधी संपली, सगळं वरच. बिल पुन्हा जोडायचं, म्हणजे मिळालंच नाही म्हणता येणार नाही. बँकेचा तपशील प्रत्येक पत्रात, स्विफ्ट कोडसकट. नाहीतर तो महिन्यानं विचारेल, पैसे पाठवू कुठं? आणि आत्ता नको पाठवू. आत्ता ईद आहे, ऑफिसात कुणी नसेल. रविवारी दहा तारखेला सकाळी पाठव. इथं आठवडा रविवारी सुरू होतो, त्या दिवशी पेमेंटची यादी बनते."

पूर्वानं वहीत लिहून घेतलं. दयानंदला फार बरं वाटलं. चौदा वर्षांची विद्या कुणीतरी मन लावून ऐकत होतं.

पहिलं पत्र दहा जुलैला गेलं. हारूनचं उत्तर आलं, बिल मिळालं, पण दुक्म साइटवरून काम पूर्ण झाल्याची सही आलेली नाही. दयानंद ते वाचून खूश झाला. अरे वा, दुसऱ्या नंबरचं उत्तर! त्यानं पूर्वाला कॅम्पच्या स्टोअरकीपरला थेट लिहायला सांगितलं. चित्रं त्यानंच ताब्यात घेतली होती, त्यामुळे पोचपावती द्यायला त्याला काहीच अडचण नव्हती. चार दिवसांत सही-शिक्क्याचा कागद आला.

तो कागद जोडून चोवीस जुलैला दुसरं पत्र गेलं. त्यात मामानं एक वाक्य सांगितलं होतं. 'पैसे कधी मिळतील असे विचारत नाही. कोणत्या तारखेला पाठवणार ते कृपया लिहून कळवावे.' उत्तर आलं, साहेब सुट्टीवर आहेत.

या मधल्या दिवसांत दयानंदचं ऑफिस नेहमीसारखंच चाललं होतं. दर रविवारी हुसेन नावाचा एक वसुलीवाला यायचा. हारूनच्याच कंपनीचा. दयानंदच्या कंपनीची माणसं दुक्मच्या त्या कॅम्पात राहायची, त्यांच्या तीन महिन्यांच्या राहण्या-जेवणाचं चौदा हजार रियालचं बिल थकलं होतं. हुसेन खुर्चीच्या टोकावर बसायचा, घाम पुसायचा, चहा प्यायचा.

"दयानंदभाई, कॅम्पच्या बिलाचं?"

"हुसेनभाई, हजेरीच्या टाइमशीटवर सही नव्हती ना, ते परत पाठवलं होतं."

"ते सही होऊन आलं. जूनमध्येच दिलं मी तुमच्या हातात."

"हां, हां. मग आता साहेबांकडे आहे. पुढच्या आठवड्यात, इन्शाल्ला."

हुसेन उठायचा, दयानंदच्या गुडघ्याचं विचारायचा आणि उन्हात निघून जायचा. संध्याकाळी घरी जाऊन दयानंद भाचीला पुढचं पत्र सांगायचा, आणि हारूनच्या कंपनीला मनातल्या मनात चार शिव्या हासडायचा. हे दोन्ही एकाच माणसाच्या डोक्यात सुखानं नांदत होतं. माणसाचं डोकं म्हणजे अजब सोय आहे, एका खोलीतलं दुसऱ्या खोलीत ऐकू जात नाही.

चौदा ऑगस्टच्या तिसऱ्या पत्राआधी पूर्वा वैतागली. "मामा, उशिराबद्दल व्याज लावू? आणि वकिलाची नोटीस पाठवते म्हणून लिहू?"

"तुझ्या कोटेशनमध्ये व्याजाचं लिहिलं होतंस?"

"नाही."

"मग मागायचं नाही. जे ठरलं नाही ते मागितलंस, की ते त्याच्यावर वाद घालत बसतील आणि मूळ रक्कम बाजूला राहील. वकील केलायस?"

"नाही."

"मग लिहायचं नाही. पोकळ धमकी आम्हाला वासानं कळते. जे तू खरंच करू शकतेस तेवढंच लिही. काय करू शकतेस?"

पूर्वानं कोटेशन काढून पाहिलं. मग म्हणाली, "त्यांना दुसऱ्या कॅम्पसाठी आणखी बारा चित्रं हवी आहेत. ती मी थांबवू शकते. आणि कोटेशनमध्ये एक ओळ आहे, पूर्ण पैसे मिळेपर्यंत चित्रांचे हक्क माझे."

दयानंद खुर्चीत ताठ बसला. "ही ओळ तू घातलीस? कुणी सांगितलं?"

"कुणी नाही. मलाच वाटलं."

"शाब्बास! आता बघ."

तिसऱ्या पत्रात नवं काम थांबवल्याचं साध्या शब्दांत कळवलं. त्याला उत्तर आलं ते चौथ्या नंबरचं. पुढच्या आठवड्यात, इन्शाल्ला. तो आठवडा गेला, त्याच्या पुढचाही गेला.

मधल्या शुक्रवारी दयानंदनं हारूनला चहाच्या टपरीवर गाठलं. "अरे हारून, पोरगीचे चारशे ऐंशी रियाल तुम्हाला जड झाले?"

हारूननं कप खाली ठेवला. त्याला खरोखर वाईट वाटत होतं. "दया, माझ्या खिशातून देता आले असते तर कालच दिले असते. आमचा मालक, अर्बाब, म्हणतो, आधी येऊ दे, मग जाऊ दे. आमचेच बाहेर अडकलेत. कुठं अडकलेत ते मी तुझ्या तोंडावर कसं सांगू? हुसेन येतोच ना तुझ्याकडे."

"ते वेगळं रे," दयानंद म्हणाला. "ते कंपनीचं आहे."

"हां," हारून म्हणाला. "हेपण कंपनीचंच आहे."

दयानंदनं विषय क्रिकेटवर नेला. पण घरी परतताना गाडीत त्याला उगाच उकडत होतं.

शेवटची सूचना लिहायला मामा-भाची शनिवारी, तीन सप्टेंबरला बसली. कुडाळात गणपतीची तयारी चालली होती, पूर्वाच्या मागे रेखा मोदकांसाठी नारळ खवत होती. दयानंदनं जीव ओतून पत्र सांगितलं. एकेक वाक्य दोनदा वाचून घेतलं. 'आपण आजवर दिलेली उत्तरे तारखांसह खाली देत आहे. त्यांपैकी कोणतेही कारण आता शिल्लक राहिलेले नाही.' हे वाक्य बोलून झाल्यावर तो स्वतःवरच इतका खूश झाला, की उठून पाणी पिऊन आला. शेवटची तारीख गुरुवार, बावीस सप्टेंबर. मध्ये मोठी ईद येत होती, म्हणून चार दिवस जास्तीचे दिले होते. 'त्या दिवशी बँक बंद होईपर्यंत पूर्ण रक्कम न आल्यास या चित्रांची नवी छपाई करण्यास माझी परवानगी राहणार नाही.' प्रत कंपनीच्या मालकाला.

"आणि लावलेली चित्रं चोवीस तासांत उतरवा, असं लिही," दयानंद म्हणाला. "हे लागेल त्यांना."

"नाही," पूर्वा म्हणाली.

"का? हक्क तुझा आहे."

"मामा, ती चित्रं ज्यांच्यासाठी आहेत त्यांनी माझे पैसे नाही बुडवले. उद्या कुणाला तारेचा झटका बसला तर? मी लिहिणार, लावलेली चित्रे उतरवू नका. त्या माणसांचा यात काही दोष नाही. पण नवीन एकही छापायचं नाही."

"असं लिहिलंस तर ते सैल पडतील. तुझी नोकरीची जागा जाईल, सप्टेंबर लागलाय."

"जाऊ दे. मला पैसे हवेत आणि मी ते घेणार. पण असे नाही." तिचा आवाज चढला नव्हता, आणि दयानंदला कळलं, आता हिला हलवता येणार नाही. त्याला राग आला आणि अभिमानही वाटला. पत्र तिच्या शब्दांत, रविवारी चार तारखेला गेलं.

मंगळवारी सहा तारखेला सकाळी हुसेन आला. रविवार नव्हता, म्हणून दयानंदला नवल वाटलं. हुसेन या वेळी बसला नाही. त्यानं एक लिफाफा टेबलावर ठेवला आणि दुसरी प्रत पुढे केली.

"दयानंदभाई, मिळाल्याचा शिक्का मारून द्या. चहा नको."

दयानंदनं शिक्का मारला, तारीख घातली आणि पत्र उघडलं. विषय: कॅम्पच्या थकीत बिलाबाबत शेवटची सूचना. पैसे कधी मिळतील असे विचारत नाही, कोणत्या तारखेला देणार ते लिहून कळवावे. आपण आजवर दिलेली उत्तरे तारखांसह खाली देत आहे. त्यांपैकी कोणतेही कारण आता शिल्लक राहिलेले नाही.

त्याचे कान तापले. खाली यादी होती. बारा जून: टाइमशीटवर सही नाही. सव्वीस जून: सही मिळाली, तपासणी चालू. सतरा जुलै: साहेब सुट्टीवर. सात ऑगस्ट, चौदा ऑगस्ट, एकवीस ऑगस्ट: पुढच्या आठवड्यात. प्रत्येक ओळीपुढे उत्तर देणाऱ्याचं नाव होतं, आणि ते सगळीकडे एकच होतं. हुसेन चहा पिऊन जाताना जिन्यात उभा राहून हे सगळं टिपून ठेवत होता तर!

शेवटी लिहिलं होतं: 'बावीस सप्टेंबरपर्यंत रक्कम न आल्यास आपल्या नव्या चाळीस माणसांना कॅम्पमध्ये जागा दिली जाणार नाही. मात्र सध्या राहत असलेल्या माणसांचे जेवण बंद करणार नाही. त्यांचा यात काही दोष नाही.'

"हे पत्र कुणी लिहिलं, हुसेनभाई?"

"हारूनभाईंनी. आमच्याकडे एका पोरीचं पत्र आलं कोकणातून. अर्बाबनं तीनदा वाचून घेतलं. म्हणाला, ही मुलगी मला असं लिहिते आणि माणसांची काळजीपण घेते. ज्यांनी आपले अडकवलेत त्यांना असंच लिहा, ते आले की पहिले तिचे." हुसेननं प्रत घडी करून खिशात ठेवली. "दयानंदभाई, तुमचं नाव लिहायला मला बरं नाही वाटलं. पण उत्तरं तुमचीच होती."

तो गेला. दयानंद पत्राकडे बघत बसला. त्यानं चारही उत्तरं मनातल्या मनात लावून पाहिली. एकही बसेना. सगळ्या वाटा त्यानं स्वतःच बुजवल्या होत्या, एकेक करून, भाचीला फोनवर पत्रं सांगताना. त्याला लाज वाटली. जूनमध्ये त्या टाइमशीटवर एकच सही राहिली होती, फोन करून ती दहा मिनिटांत मिळाली असती. त्यानं मुद्दाम सगळा गठ्ठा परत पाठवला होता, दोन आठवडे मिळावेत म्हणून. साहेबांनी सांगितलंही नव्हतं. हातालाच सवय होती.

तो उठला, तिसऱ्या कप्प्याच्या तळातून कॅम्पचं बिल काढलं आणि फायनान्स मॅनेजर सकलैन साहेबांच्या केबिनमध्ये गेला.

सकलैन साहेबांनी पत्र वाचलं आणि खुर्चीत मागे रेलले. "अरे दयानंद, टाइमशीट का कुछ बोल दो ना."

"सर, टाइमशीट पूर्ण आहे. जूनपासून माझ्याकडे आहे."

"तो अगले हफ्ते बोलो."

"बोललो, सर. ते पण लिहिलंय यात. तीनदा बोललो."

"इतने सालों में तुमने कभी ऐसे नहीं किया." साहेबांनी चष्मा काढला. "ये दोस्त की कंपनी है ना तुम्हारे?"

"हो, सर. आणि हे पत्र मुळात माझ्या भाचीचं आहे, तिचेही पैसे त्यांच्याकडे अडकलेत, म्हणून तुम्हाला आधीच सांगतो. पण बिल खरं आहे. चाळीस माणसं पंचवीस तारखेला दुक्मला उतरणार, त्यांना झोपायला जागा पाहिजे. टाइल्सवाल्याचं पेमेंट दोन आठवडे थांबू शकतं, मी त्याला आज खरं कारण सांगतो. कॅम्पचं बिल यादीत पहिलं घ्या. नाहीतर हुसेनला मी लिहून देणार, की उशीर माझ्याकडून झाला."

साहेबांनी पत्र पुन्हा वाचलं. दयानंद जागचा हलला नाही. त्याचे गुडघे दुखत होते, तरी बसला नाही. शेवटी साहेबांनी यादी ओढली, टाइल्सवाल्याच्या नावावर काट मारली आणि वर कॅम्प लिहिलं. "खलास. जाओ."

ईदच्या सुट्टीनंतर, रविवारी अठरा तारखेला चेकवर दोन्ही सह्या झाल्या. हुसेन चेक न्यायला आला तेव्हा दयानंदनं चहा मागवला, आणि या वेळी दोघांनी तो निवांत प्यायला. वीस तारखेला हारूननं पूर्वाचे पैसे बँकेतून रवाना केले. बावीसला, गुरुवारी दुपारी, कुडाळहून फोन आला. मागे रेखा मोठ्यानं काहीतरी ओरडत होती.

"मामा, आले! सगळे आले, बँकेनं थोडं कमिशन कापलंय फक्त. बाबांनी पासबुक दोनदा बघितलं. मुख्याध्यापकांना मी स्वतः फोन केला, जागा दुसऱ्या कुणाला द्या म्हणून. आणि हारूनमामांनी बारा चित्रांचं कामही दिलंय, या वेळी अर्धे पैसे आधी. मामा, तुझ्यामुळे!"

दयानंदला ते गिळता येईना. पूर्वाच्या तोंडचं ते 'तुझ्यामुळे' खोटंही नव्हतं, हीच पंचाईत. त्यानं खुर्ची भिंतीकडे वळवली आणि तिला सगळं सांगून टाकलं. हुसेन, टाइमशीट, चौदा हजार, तीनदा म्हटलेलं पुढच्या आठवड्यात. काहीही लपवलं नाही. म्हणाला, "तुझे पैसे माझ्याच कप्प्यात अडकले होते, पूर्वा. आणि मी तुला दोन महिने पत्रं सांगत होतो."

मग पूर्वा एवढंच म्हणाली, "बरं. ठेवते मामा, पेढे आणायचेत."

त्याला वाटलं, तुटलं सगळं. पण थोड्या वेळानं त्याच्या ऑफिसच्या मेलवर पत्र आलं. सरळ मराठीत, पण मांडणी त्यानंच शिकवलेली.

'प्रति, श्री. दयानंद सातार्डेकर. विषय: पहिले स्मरणपत्र. आदरणीय मामा, आपल्या टेबलावरील तिसऱ्या कप्प्यात अजून किती जणांची बिले आहेत आणि त्यांपैकी कितींवर खरोखर सही नाही, हे कृपया कळवावे. कधी कळवाल असे विचारत नाही. रविवार, २५ सप्टेंबरपर्यंत कळवावे. आपली भाची, पूर्वा.'

दयानंदनं ते दोनदा वाचलं. गुरुवारची दुपार होती, ऑफिस रिकामं होत आलं होतं. त्यानं तिसरा कप्पा ओढून बाहेर काढला, टेबलावर पालथा केला आणि मोजायला बसला.